धरणांचा रोजचा तक्ता भरणाऱ्यांना खुले पत्र: आकड्याच्या डोक्यावर एकक लिहा

प्रति,
पाटबंधारे विभागांतले शाखा अभियंते, पूर नियंत्रण कक्षांतले कर्मचारी आणि हा तक्ता पुढे पाठवणाऱ्या सर्व कार्यालयांतली मंडळी यांस,

स.न.वि.वि.

मी नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात राहते आणि जिल्ह्याच्या दैनिकात उपसंपादक आहे. पावसाळ्यात रोज सकाळी तुमचा तक्ता माझ्याकडे येतो. धरणाचं नाव, साठा, टक्केवारी, पाऊस, विसर्ग. तो मी पानात लावते आणि दुसऱ्या दिवशी तो हजारो घरांत वाचला जातो. रात्री-अपरात्री धरणाच्या भिंतीवर जाऊन पातळी बघणारे, भर पावसात दर तासाला फोन उचलणारे तुम्ही लोक आहात, हे मला ठाऊक आहे. तुमच्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ते आकडे ज्या चौकटीत बसवले जातात तिच्याबद्दल, आणि ती मी मनापासून मांडते आहे.

आधी जे घडलं ते सांगते. काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास पाच धरणांचा तक्ता आला. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर एकच शब्द होता: ‘विसर्ग’. खाली आकडे होते १८२००, ९४५०, २२०००, ८५६ आणि १४१५. आमच्याकडे विसर्ग म्हटलं की क्युसेक, हे इतकं अंगवळणी पडलेलं की मी पाचही आकड्यांपुढे क्युसेक लावलं आणि पान सोडलं. पण तो तक्ता दोन कार्यालयांच्या माहितीतून जोडलेला होता. पाचव्या धरणाचा आकडा क्युमेकमध्ये होता, म्हणजे सेकंदाला घनमीटर. एक क्युमेक म्हणजे ३५.३१ क्युसेक. त्या हिशेबाने १४१५ क्युमेक म्हणजे जवळपास ५० हजार क्युसेक.

नदीकाठी राहणाऱ्याला या दोन आकड्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. चौदाशे क्युसेकला कुणी झोपेतून उठत नाही. पन्नास हजार म्हटलं की रात्रीच बॅटऱ्या घेऊन माणसं नदीवर जातात, मोटारी सोडवतात, पाइप ओढून घेतात, गोठ्यातली जनावरं वर नेतात. सकाळी पाणी चढलेलं होतं. दुपारी एक शेतकरी पेपर हातात घेऊन कार्यालयात आले. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, “ताई, चौदाशेच लिहिलंय ना इथं? मी दोनदा वाचलं होतं.” त्यांची मोटार आणि स्टार्टर दोन्ही पाण्याखाली गेले होते.

चूक माझीही होती. दरवाजे उचललेल्या धरणातून जेमतेम चौदाशे क्युसेक कसे, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण रात्री नऊला पान सोडण्याच्या घाईत असलेल्या माणसाला तो प्रश्न पडण्यावर गावाची सुरक्षितता अवलंबून असू नये. रकान्याच्या डोक्यावर ‘विसर्ग, क्युसेक’ असं लिहिण्याची सवय असती, तर पाचवा आकडा भरणाऱ्याच्याच लक्षात आलं असतं की इथे आपला आकडा बसत नाही, आधी ३५.३१ ने गुणावं लागेल. एकक लिहिण्याचा पहिला उपयोग भरणाऱ्यालाच होतो. वाचणाऱ्याची पाळी नंतर येते.

साठ्याच्या रकान्यात तर हा घोळ आणखी खोल आहे, कारण आपल्या राज्यात धरणातलं पाणी तीन भाषांत मोजलं जातं. पुणे, सातारा, सांगली, सोलापूरकडे टीएमसी चालतं. नाशिक-नगरकडचे जुने तक्ते दशलक्ष घनफुटात, म्हणजे दलघफूत असतात. मराठवाड्यात दशलक्ष घनमीटर, म्हणजे दलघमी. यातलं काहीच चूक नाही. १००० दलघफू म्हणजे १ टीएमसी, आणि १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. हिशेब सरळ आहे. अडचण होते ती नदीला या हद्दी माहीत नसल्यामुळे.

गोदावरीचंच बघा. मुळा धरणाची एकूण क्षमता २६,००० आणि जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९, असे दोन आकडे एकाखाली एक, एककाशिवाय छापले तर काय वाचलं जाईल? मुळा हे जायकवाडीच्या नऊपट. प्रत्यक्षात पहिला आकडा दलघफूत आहे आणि दुसरा दलघमीत. दोन्ही टीएमसीत आणले तर मुळा २६.०० आणि जायकवाडी १०२.७३. म्हणजे जायकवाडी मुळाच्या जवळपास चौपट. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचं यावरून दरवर्षी माणसं रस्त्यावर येतात, न्यायालयात जातात. त्या वादात दोन्ही बाजूंच्या हातात असले तक्ते असतील तर बोलणं कसं जुळणार? शिवाय दलघमी आणि दलघफू या दोन शब्दांत फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. ‘मी’ की ‘फू’, आणि किंमत बदलते ३५ पटींनी. फोटो काढून पाठवलेल्या, फिकट छापलेल्या कागदावर ते एक अक्षर कितीदा वाचता येत नाही. म्हणून माझी विनंती अशी की एका तक्त्यात साठ्याचं एकच एकक ठेवा, आणि दुसऱ्या जिल्ह्याशी तुलना होणार असेल तिथे ते टीएमसी असू द्या. दलघमी किंवा दलघफू वापरायचंच असेल तर निदान तक्त्याच्या माथ्यावर एकदा पूर्ण शब्दांत लिहा: ‘सर्व साठे दशलक्ष घनमीटरमध्ये’.

आता एकक लिहिलं तरी काम पुरं होत नाही. ‘साठा, टीएमसी’ हे शीर्षक अजून अर्धवटच आहे, कारण कुठला साठा ते त्यात नाही. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण उजनी. उजनीची एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी. त्यातले ६३.६६ टीएमसी मृतसाठा, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. आता एखाद्या दिवशी तक्त्यात ‘उजनी, साठा ५५.६२’ असं आलं तर वाचणारा म्हणेल, वा, निम्मं धरण भरलेलं आहे. खरं म्हणजे त्या दिवशी उपयुक्त साठा शून्याच्याही खाली ८.०४ टीएमसी गेलेला असतो, आणि टक्केवारी वजा १५.०१ असते. उजनीचा साठा वजामध्ये जाणं ही कागदावरची कल्पना नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता, सोलापूरकरांनी ते पाहिलंय.

म्हणून शीर्षकात तीन गोष्टी हव्यात: काय मोजलं, कशात मोजलं, आणि टक्केवारी असेल तर कशाची. ‘उपयुक्त साठा, टीएमसी’. ‘उपयुक्त क्षमतेच्या तुलनेत, टक्के’. पावसाच्या रकान्याला ‘२४ तासांतला पाऊस, मिमी’ आणि शेजारी ‘१ जूनपासूनचा पाऊस, मिमी’. नुसतं ‘आजचा’ आणि ‘एकूण’ लिहिलं की आठवड्याभराने कागद हाती घेणाऱ्याला ‘आज’ म्हणजे कोणता दिवस ते कळत नाही. शीर्षक लांब होतं, अशी शंका मनात येईल. ते दोन ओळींत घ्या. वरच्या ओळीत नाव, खालच्या ओळीत एकक. जागा रुंदीत लागत नाही, उंचीत लागते, आणि उंची फक्त एकदाच लागते.

वजाचं चिन्ह हाही एक वेगळा मुद्दा आहे, आणि तो मला रोज छळतो. बऱ्याच तक्त्यांत माहिती आली नसेल तर त्या चौकटीत आडवी रेघ मारतात. त्याच रकान्यात कुठे साठा वजामध्ये असतो. मग ‘- ८.०४’ मधली रेघ वजाची की कुणी चुकून मारलेली? आणि नुसती रेघ असेल तर विसर्ग बंद आहे की माहितीच आली नाही? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना तीन वेगळ्या खुणा द्या. दरवाजे बंद असतील तर ० लिहा. माहिती आली नसेल तर ‘मा.ना.’ लिहा आणि त्याचा अर्थ तक्त्याखाली एकदा द्या. रेघ फक्त वजासाठी ठेवा आणि ती आकड्याला चिकटवून लिहा. मध्ये जागा सोडली तर ओळ तुटताना रेघ वर राहते आणि आकडा खाली जातो. मग −८.०४ चे सरळ ८.०४ होतात.

आता मांडणीकडे येते. आपण सगळे शाळेत बेरीज शिकलो ती एकं खाली एकं, दहं खाली दहं मांडून. बाईंनी पहिल्यांदा हेच सांगितलं होतं. किराणा दुकानदाराच्या वहीत रुपये आणि पैशांमध्ये उभी रेघ असायची, तीही त्याचसाठी. संगणक आल्यावर आपण ही सवय सोडली आणि सगळे आकडे चौकटीच्या मध्यभागी आणून ठेवायला लागलो, कारण ते नेटके दिसतात. प्रत्यक्षात काय होतं ते खडकवासला प्रकल्पाच्या चार धरणांवर दाखवते. क्षमता खऱ्या आहेत. साठ्याचे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. आमच्याकडे येणारे तक्ते साधारण असे दिसतात:

| धरण | क्षमता | साठा |
|:---:|:---:|:---:|
| टेमघर | ३.७१ | .७४ |
| वरसगाव | १२.८२ | ७.०५ टीएमसी |
| पानशेत | १०.६५ | ६.४ |
| खडकवासला | १.९७ | ३०.५८ |

क्षणभर फक्त साठ्याच्या रकान्यावरून वरून खाली नजर फिरवा. सगळ्यात जास्त पाणी कुठे आहे? नजर खडकवासल्यावर थांबते, कारण तिथे ३०.५८ आहे. पण ते दलघमीत आहेत, टीएमसीत ते जेमतेम १.०८. पानशेतचे ६.४ हे ६.४० आहेत की ६.३९ की ६.४४, ते कळायला मार्ग नाही. टेमघरचा दशांश बिंदू आकड्याच्या पुढे एकटा लटकतो, त्यामुळे फोटोत तो पुसट झाला की ७४ टीएमसी वाचलं जातं. आणि हे सगळं मध्यभागी असल्यामुळे बिंदू एकाखाली एक येतच नाहीत. प्रत्येक ओळ वेगळी वाचावी लागते.

तेच आकडे असे लिहिले तर:

| धरण | उपयुक्त क्षमता, टीएमसी | उपयुक्त साठा, टीएमसी | क्षमतेच्या तुलनेत, टक्के |
|:---|---:|---:|---:|
| टेमघर | ३.७१ | ०.७४ | १९.९ |
| वरसगाव | १२.८२ | ७.०५ | ५५.० |
| पानशेत | १०.६५ | ६.३९ | ६०.० |
| खडकवासला | १.९७ | १.०८ | ५४.८ |
| एकूण | २९.१५ | १५.२६ | ५२.३ |

इथे आकडे वाचण्याआधीच आकार दिसतो. क्षमतेच्या रकान्यात १२.८२ आणि १०.६५ डावीकडे एक घर जास्त पसरतात, म्हणजे मोठी धरणं हीच. टक्क्यांत टेमघर एकटं मागे आहे, तेही लगेच कळतं. नावं डावीकडे ठेवली, कारण शब्द आपण सुरुवातीपासून वाचतो. आकडे उजवीकडे, कारण आकड्याची किंमत एकं स्थानापासून मोजली जाते. शीर्षकही त्याच्या आकड्यांच्याच बाजूला, उजवीकडे. शीर्षक मध्यभागी आणि आकडे उजवीकडे ठेवले तर रुंद रकान्यात कोणतं शीर्षक कोणत्या आकड्यांचं, याचा गोंधळ होतो.

उजवीकडे नेण्याला दशांश सारखे ठेवण्याची जोड लागतेच. ७.०५ आणि ६.४ दोन्ही उजवीकडे नेले तर ६.४ मधला ४ थेट ७.०५ मधल्या ५ खाली येतो आणि बिंदू सरकतो. म्हणून ६.४ कधीच लिहू नका, ६.४० लिहा. शेवटचं शून्य फुकटचं नाही. दुसऱ्या दशांशापर्यंत मोजलं आणि तिथे शून्य निघालं, असं ते सांगतं.

किती दशांश ठेवायचे, यावर मात्र माझं मत ठाम आहे: मोजमाप जितकं सांगू शकतं तितकेच. जायकवाडीचे आकडे कितीदा दलघमीत तीन दशांशांपर्यंत येतात. जायकवाडीचा पाणपसारा पूर्ण भरल्यावर साधारण ३५० चौरस किलोमीटर. तिथे पातळी एक सेंटिमीटरने चढली की ३५ लाख घनमीटर पाणी वाढतं, म्हणजे ३.५ दलघमी. तिसरा दशांश म्हणजे एक हजार घनमीटर. एवढं पाणी त्या पसाऱ्यावर ओतलं तर पातळी मिलिमीटरच्या साधारण साडेतीनशेव्या भागाने चढेल. वाऱ्याने लाट उठली की पट्टीवरचं वाचन त्याच्या कितीतरी पट हलतं. धरणाच्या मूळ क्षमतेच्या कोष्टकात तीन दशांश असतात, ते तिथे राहू द्यात. रोजच्या साठ्यात ते आले की वाचणाऱ्याला खोटी अचूकता वाटते आणि चार अंकी आकड्यापुढे तीन अंकांचं ओझं येतं. टीएमसीला दोन दशांश पुरतात. टक्क्यांना एकच पुरतो: खडकवासल्यात ०.०१ टीएमसी म्हणजेच अर्धा टक्का, मग तिथे टक्क्यांचा दुसरा दशांश कुठल्या मोजमापातून येणार? क्युसेकला दशांश नकोच. एकदा ठरवलं की पूर्ण रकाना तसाच. या धरणाला दोन, त्या धरणाला एक, असं नको.

हे सगळं मी नुसतं दिसण्यासाठी सांगत नाही. एक्सेलमध्ये आकडा डावीकडे सरकणं हीच मुळात धोक्याची घंटा आहे, आणि आपण ती स्वतःच्या हाताने बंद करतो. चौकटीला कुठलीही मांडणी दिली नसेल तर एक्सेल आकड्याला आपोआप उजवीकडे नेतं आणि मजकुराला डावीकडे ठेवतं. तुम्ही चौकटीत `7.05 टीएमसी` टाइप केलंत की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो, आणि लगेच डावीकडे चिकटतो. बेरजेचं `SUM` त्याला गुपचूप सोडून देतं. वरच्या उदाहरणात बाकी तिन्ही आकडे बरोबर भरले आणि फक्त वरसगावचा असा भरला, तर एकूण १५.२६ ऐवजी ८.२१ येईल. लाल खूण नाही, चूक झाल्याचा संदेश नाही. अख्ख्या पुण्याचं पाणी निम्म्याच्या आसपास आलं, आणि तक्ता व्यवस्थित दिसतोय. रकाना मध्यभागी केलेला असेल तर डावीकडे चिकटलेला आकडा दिसतच नाही, बाकीच्यांसारखाच मध्यभागी बसतो. रकाना तसाच ठेवला असता तर पहिल्याच नजरेत कळलं असतं.

म्हणून एकक चौकटीत कधीच टाइप करू नका. ते शीर्षकात लिहा. दशांश सारखे ठेवायला हाताने शून्यं देत बसू नका. रकाना निवडून नंबर फॉरमॅटमध्ये हे द्या:

```
साठा    0.00
टक्के   0.0
विसर्ग  [>=100000]##\,##\,##0;##,##0
```

शेवटच्या ओळीने लाखाचा स्वल्पविराम आपल्या पद्धतीने पडतो, १,२५,००० असा. नाहीतर १२५००० मधली शून्यं मोजत बसावं लागतं आणि पुराच्या रात्री एक शून्य कमी मोजलं जातं. आणि तक्ता पाठवण्याआधी बेरजेच्या खाली एक चौकट अशी ठेवा:

```
=COUNT(C2:C5)
```

`COUNT` फक्त खरे आकडे मोजतं. चार धरणं असतील तर उत्तर ४ यायला हवं. ३ आलं तर एका चौकटीत मजकूर घुसला आहे. ‘मा.ना.’ लिहिलेल्या दिवशीही ते कमी येईल, आणि यायलाच हवं, कारण त्या दिवशी बेरीज अपुरीच असते.

एक सावधगिरी. वर्डच्या तक्त्यात रकाना उजवीकडे न्यायला `Ctrl+R` चालतं. एक्सेलमध्ये तेच दाबलं तर डावीकडच्या चौकटीतला आकडा उजवीकडे उतरवला जातो. म्हणजे क्षमतेचा आकडा साठ्यात जाऊन बसतो आणि धरण कागदावर शंभर टक्के भरतं. एक्सेलमध्ये मांडणी बटणानेच करा.

फॉन्टही एकदा तपासा. काही देवनागरी फॉन्टमध्ये १ हा अंक ८ पेक्षा अरुंद असतो. अशा फॉन्टमध्ये दशांश सारखे ठेवले आणि उजवीकडे नेले तरी बिंदू जरासे हलतात. ११.११ आणि त्याखाली ८८.८८ टाइप करून बघा. दोघांची रुंदी सारखी आली नाही तर तक्त्यासाठी दुसरा फॉन्ट घ्या, किंवा आकडे इंग्रजी अंकांत ठेवा. सर्वसाधारण वापरातल्या इंग्रजी फॉन्टमध्ये अंकांची रुंदी सहसा सारखी असते. मराठीवर प्रेम म्हणून देवनागरी अंक मलाही हवेत, पण पुराच्या तक्त्यात बिंदू सरळ असणं आधी.

शेवटी व्हॉट्सॲप, कारण खरं तर तक्ता तिथूनच गावागावांत जातो. एक्सेलचा फोटो पाठवला की तो चार गटांतून फिरताना पुसट होतो, आणि दशांश बिंदू सगळ्यात आधी जातो. मजकूर म्हणून पाठवला तर रकाने विस्कटतात. यावर मी एक उपाय करून पाहिलाय. मजकुराच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक दिले की व्हॉट्सॲप तो समान रुंदीच्या अक्षरांत दाखवतं. पण मराठी नावांची रुंदी त्यातही सारखी येत नाही, म्हणून नावं पुढे ठेवली की आकडे ढळतात. तर आकडे आधी लिहा आणि नाव ओळीच्या शेवटी. एककं वरच्या ओळीत मराठीत, बॅकटिकच्या बाहेर:

सकाळी ६ वाजता. उपयुक्त साठा टीएमसी, क्षमतेच्या तुलनेत टक्के, विसर्ग क्युसेक:

```
0.74  19.9      0  टेमघर
7.05  55.0      0  वरसगाव
6.39  60.0    600  पानशेत
1.08  54.8  1,050  खडकवासला
```

एकूण साठा १५.२६ टीएमसी, ५२.३ टक्के.

विसर्गाची बेरीज मी मुद्दाम दिलेली नाही. पानशेतमधून सोडलेलं पाणी खडकवासल्यातच येतं, तेच पाणी पुढे मुठेत जातं. दोन्ही आकडे मिळवले तर एकच पाणी दोनदा मोजलं जाईल. काही तक्त्यांत रकाना आहे म्हणून खाली बेरीज येतेच, आणि शहरात ‘एवढा विसर्ग’ म्हणून ती फिरते. नदीत किती पाणी येणार हे सांगणारा आकडा सगळ्यात खालच्या धरणाचा. तोच ठळक करा.

या सगळ्यासाठी नवा आदेश, नवी प्रणाली काही लागत नाही. तुमच्याकडे जी एक्सेलची फाइल रोज उघडते तिच्यात अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते पावसाळ्याआधी एकदाच करायचं आहे. कुणाला तयार कोरी फाइल हवी असेल तर मी करून देईन. माझ्याकडे शीर्षकं, फॉरमॅट आणि `COUNT` ची चौकट घालून ठेवलेली आहे. आणि एवढंही जमत नसेल तर आज संध्याकाळच्या तक्त्यात फक्त ‘विसर्ग’ या शब्दापुढे ‘क्युसेक’ लिहा आणि ज्या कार्यालयाकडून क्युमेकमध्ये आकडा येतो त्यांना फोन करून विचारा. ज्यांची मोटार त्या रात्री बुडाली, ते अजूनही पेपर आधी शेवटच्या रकान्यापासून वाचतात.

आपली,
नदीकाठच्या गावातली एक उपसंपादक